मार्चमध्ये मंजूर झालेला पैसा वर्षभर कुठे फिरतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



अर्थसंकल्प मांडला गेला की त्या रात्री माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न एकच असतो, "सर, आपल्यासाठी किती ठेवलेत?" मग कुणीतरी आकडा काढतो, त्याचा फोटो ग्रुपवर येतो. कुणी आनंद मानतो, कुणी चिडतो, आणि आठवडाभरात विषय संपतो. पुढच्या मार्चपर्यंत त्या आकड्याकडे कुणी परत बघत नाही. आणि त्याच बारा महिन्यांत तो आकडा बदलत असतो. कधी विधानसभेत वाढतो, कधी मंत्रालयातल्या एका फाइलवर कमी होतो, कधी एका योजनेतून उठून दुसऱ्या योजनेत जाऊन बसतो. आज मला बोलायचे आहे ते या मधल्या बारा महिन्यांवर. त्यासाठी आपण महाराष्ट्राचे 2024-25 हे एकच वर्ष घेऊ, कारण त्या वर्षात सगळे प्रकार घडले.

आधी एक मूळ गोष्ट. राज्याकडे जमा होणारा कर, केंद्राकडून आलेला वाटा, काढलेली कर्जे हे सगळे राज्याच्या एकत्रित निधीत जाते. या निधीतून कायद्याने अधिकार दिल्याशिवाय एक रुपयाही काढता येत नाही. राज्यघटनेच्या 266व्या अनुच्छेदात हे स्पष्ट आहे. मुख्यमंत्री असोत की वित्तमंत्री, कुणालाच काढता येत नाही. सभागृह खात्याखात्याच्या मागण्यांवर मतदान करते, मग विनियोजन विधेयक मंजूर होते, तेव्हा कुठे कोषागाराला पैसे देण्याचा अधिकार मिळतो. आणि हा अधिकार 31 मार्चच्या रात्री संपतो. खर्च न झालेली तरतूद पुढच्या वर्षात आपोआप जात नाही. ऑफिसात याला सरळ "पैसे लॅप्स झाले" म्हणतात.

आता विचार करा. 1 एप्रिलला शिक्षकांचे पगार द्यायचे आहेत, रुग्णालयात औषधे लागणार आहेत, वसतिगृहात रात्रीचे जेवण व्हायचे आहे, आणि नव्या वर्षाचा अर्थसंकल्प अजून पूर्ण मंजूर नाही. अशा वेळी सरकार सभागृहाला सांगते, पूर्ण चर्चा नंतर करू, तोवर काही महिन्यांच्या खर्चापुरती परवानगी द्या. हे लेखानुदान. राज्यांसाठी त्याची सोय 206व्या अनुच्छेदात आहे.

2024 मध्ये लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. म्हणून 27 फेब्रुवारी 2024 रोजी अजित पवारांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि चार महिन्यांच्या, म्हणजे एप्रिल ते जुलैच्या खर्चासाठी लेखानुदान घेतले. आपली मुले इथे नेहमी एक गल्लत करतात, ती दूर करून पुढे जाऊ. अंतरिम अर्थसंकल्पात आकडे पूर्ण वर्षाचे होते. एकूण खर्च 6 लाख 522 कोटी दाखवला होता. मंजुरी मात्र चार महिन्यांपुरती होती. पुढे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा हे चार महिन्यांचे पैसे त्याच्या पोटात धरले जातात, ते वेगळे वाढीव पैसे नसतात. दोन्ही बेरजेला घेऊन "इतके मिळाले" असे कुणी लिहिले असेल तर ती बेरीज चुकलेली आहे.

लेखानुदानाची मर्यादाही लक्षात ठेवा. ते चालू गाड्याला वंगण घालण्यासाठी असते. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचे व्याज, चालू योजना यांसाठी. अगदी नवी योजना लेखानुदानावर सुरू करायची नाही, असा संकेत आहे. म्हणून निवडणुकीच्या वर्षी एप्रिल-मे मध्ये तुम्ही नव्या योजनेसाठी एखाद्या कार्यालयात गेलात आणि साहेब म्हणाले, "अजून लेखानुदानावरच चाललंय", तर ते टाळाटाळ करत असतील असे नाही. पण चालू शिष्यवृत्तीसाठी तेच कारण दिले, तर मात्र थांबवून विचारा. तिच्यासाठीच तर लेखानुदान असते.

पुढे 28 जून 2024. लोकसभेचा निकाल लागून गेला होता, विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. त्या दिवशी पूर्ण अर्थसंकल्प आला. एकूण खर्च 6 लाख 12 हजार 293 कोटी, महसुली तूट 20 हजार 51 कोटी. त्याच भाषणात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, पात्र महिलेला महिन्याला 1500 रुपये, वर्षाचा अंदाजे खर्च 46 हजार कोटी.

आणि मग 9 जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, त्याच अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या. रक्कम होती 94 हजार 889 कोटी.

पुरवणी मागणी म्हणजे काय, तर मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा वर्षाच्या सुरुवातीला कल्पनाच नसलेला एखादा नवा खर्च उभा राहिला, तर सरकार सभागृहाकडे परत येऊन वाढीव परवानगी मागते. 205व्या अनुच्छेदातली ही सोय. महापूर आला, केंद्राने अचानक एखाद्या योजनेचा हप्ता दिला आणि त्यात राज्याचा वाटा घालायचा आहे, न्यायालयाने थकबाकी द्यायला लावली, अशा गोष्टींसाठी ती आहे आणि हवीच. आपल्याकडे पावसाळी अधिवेशनात, डिसेंबरात नागपूरला आणि मग मार्चमध्ये अशा वर्षातून साधारण तीनदा या मागण्या येतात. पण मूळ अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नसताना त्याच्या सुमारे साडेपंधरा टक्के रकमेची पुरवणी येते, तेव्हा कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. त्या 94 हजारांतले 25 हजार कोटी ज्या लाडकी बहीण योजनेसाठी होते, ती योजना अर्थसंकल्पाच्या भाषणातच जाहीर झाली होती! योजना चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. माझ्या घरातल्याही बायकांनी अर्ज भरलेत. मुद्दा हिशेबाचा आहे. 28 जूनला जी तूट टीव्हीवर सांगितली गेली तिच्यात या 94 हजारांचा भार धरलेला नव्हता. ज्या आकड्यावर चर्चा झाली तो एक, आणि ज्यावर खर्चाची परवानगी मिळाली तो दुसरा.

पुरवणी मागण्यांचे पुस्तक छापील असते, विधिमंडळात सादर होते, ते वाचणे फार अवघड नाही. खाते, लेखाशीर्ष, रक्कम आणि का हवी याचे दोन-चार ओळींचे कारण. कारणाची ओळ आधी वाचा. शिवाय सरकार एकूण रकमेची फोड देते. त्या जुलैच्या मागण्यांत 17 हजार 334 कोटी अनिवार्य खर्चाचे होते, 75 हजार 39 कोटी योजना-कार्यक्रमांचे आणि अडीच हजार कोटींच्या आसपास केंद्राच्या मदतीशी जोडलेले. म्हणजे पाचातले जवळजवळ चार रुपये सरकारने स्वतः ठरवलेल्या कार्यक्रमांचे होते, टाळता न येणाऱ्या खर्चाचे नव्हते. याच मागण्यांचा निव्वळ भार 88 हजार 770 कोटी सांगितला गेला. काही खर्चासमोर तितकीच जमा किंवा बचत दाखवलेली असते, ती वजा केली की निव्वळ भार उरतो. वर्तमानपत्रात मोठा आकडा येतो, तिजोरीवर पडतो तो निव्वळ आकडा.

त्यानंतर डिसेंबरात 35 हजार 788 कोटी आणि मार्च 2025 मध्ये 6 हजार 486 कोटी. तिन्ही मिळून 1 लाख 37 हजार कोटींच्या वर.

आता माझ्याबरोबर एक साधे गणित करा. मूळ खर्च 6 लाख 12 हजार कोटी, त्यात 1 लाख 37 हजार मिळवले की साधारण 7 लाख 49 हजार कोटी होतात. विधिमंडळाने एवढ्या खर्चाला हो म्हटले. मार्च 2025 मध्ये पुढचा अर्थसंकल्प आला तेव्हा 2024-25 चा सुधारित अंदाज छापला गेला. तो होता सुमारे 6 लाख 72 हजार कोटी. मधले 77 हजार कोटी कुठे गेले? त्यातला काही भाग एकूण आणि निव्वळ यांच्या फरकाचा आहे. पण बराचसा भाग असा, की ज्याला परवानगी होती पण जो खर्च झाला नाही. कुठल्यातरी रस्त्याचे, कुठल्यातरी वसतिगृहाचे, कुठल्यातरी शिष्यवृत्तीचे पैसे कागदावरच राहिले.

ही गोष्ट नीट समजून घ्या, आजच्या भाषणात मला सर्वांत महत्त्वाची हीच वाटते. खर्च वाढवायचा तर सरकारला सभागृहात यावे लागते. खर्च कमी करायला कुठेच यावे लागत नाही. विनियोजन कायदा सांगतो की इतक्यापर्यंत खर्च करू शकता. इतका केलाच पाहिजे, असे तो सांगत नाही. त्यामुळे कपात मतदानाशिवाय होते, वित्त विभागाच्या परिपत्रकाने किंवा निधी सोडायचाच नाही या पद्धतीने. याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण कोविडच्या पहिल्या वर्षाचे. मार्च 2020 मध्ये विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला आणि 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने विकास योजनांना त्या वर्षीच्या तरतुदीच्या फक्त 33 टक्के निधी मिळेल असे ठरले. तिजोरीच रिकामी होती, निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण तीनातले दोन रुपये गेले, आणि त्यासाठी सभागृहात एकही हात वर झाला नाही.

आपल्या जवळचे उदाहरणही त्याच 2024-25 मधले आहे. राज्य वक्फ मंडळाच्या बळकटीकरणासाठी अर्थसंकल्पात 20 कोटींची तरतूद होती. त्यातले 2 कोटी जूनमध्ये दिले गेले. 28 नोव्हेंबरला 10 कोटी देण्याचा शासन निर्णय निघाला आणि गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, काळजीवाहू सरकारला असा निर्णय घेता येत नाही असे कारण देऊन, मागे घेतला गेला. व्हॉट्सअॅपवर दोन्ही बाजूंनी जे फिरले त्यात तरतूद आणि वितरण यांतला फरक कुणीच सांगितला नाही. एक बाजू म्हणत होती सरकारने अचानक 10 कोटी वाटले. ते अचानक नव्हते, तरतूद विधिमंडळाने आधीच मंजूर केली होती. दुसरी बाजू म्हणत होती आमचे 10 कोटी काढून घेतले. तेही बरोबर नव्हे, कारण ते अजून दिलेलेच नव्हते. आपल्याकडच्या मुलांनी निदान एवढी वाक्ये नीट म्हणायला शिकावीत असे मला वाटते.

आता तिसरी वाट, पुनर्विनियोजन. नाव जड आहे, काम घरातल्यासारखे आहे. किराण्याचे पैसे वाचले, ते लाइट बिलात घातले. एकूण खर्च वाढला नाही, म्हणून सभागृहात जायची गरज नाही. खाते किंवा वित्त विभाग आदेशाने ते करतो. पण याला कुंपणे आहेत, आणि ती तुम्हाला माहीत हवीत. एक कल्पित हिशेब मांडतो, आकडे माझे आहेत.

समजा एका खात्याच्या एकाच मागणीत शिष्यवृत्तीला 40 कोटी आहेत आणि स्पर्धा परीक्षेच्या मोफत प्रशिक्षणाला 6 कोटी. दोन्ही महसुली खर्च. शिवाय मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकामाला 10 कोटी आहेत, तो भांडवली खर्च. डिसेंबरात लक्षात येते की शिष्यवृत्तीत 12 कोटी उरणार. प्रशिक्षणाला मुले जास्त आली, तिथे 3 कोटी कमी पडतात. हे 3 कोटी शिष्यवृत्तीतून वळवता येतात, कारण मागणी तीच आणि दोन्हीकडे महसुली. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यासाठी 4 कोटी हवेत. ते या बचतीतून देता येत नाहीत, कारण महसुली आणि भांडवली यांच्यामध्ये भिंत आहे. तिथे पुरवणी मागणीच आणावी लागते. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, म्हणजे एका खात्याच्या तरतुदीतून दुसऱ्या खात्याकडेही पैसे असे नेता येत नाहीत. आणि समजा वसतिगृहाच्याच बांधकामातून 2 कोटी वाचले आणि त्यात अर्थसंकल्पात कधी नसलेले नवे ग्रंथालय बांधायचे आहे, तरी नुसत्या आदेशाने चालत नाही. ती नवीन बाब झाली. पैसे हाताशी असले तरी सभागृहाची संमती हवी, म्हणून हजार रुपयांसारखी नाममात्र रक्कम पुरवणीत मागतात. पुस्तकात एखाद्या मोठ्या कामासमोर हजार रुपये दिसले तर हसू नका. ती लाक्षणिक मागणी असते, आणि तिच्यामागे कोट्यवधींचा खर्च उभा असू शकतो.

आमच्या हिशेबात शिष्यवृत्तीच्या 12 कोटींपैकी 3 प्रशिक्षणाला गेले. उरलेले 9 कोटी 31 मार्चच्या आत वित्त विभागाला समर्पित होतात. कागदावर त्याला "बचत" म्हणतात. आता विचारा, ही बचत झाली कशी? मुले कमी होती, की पोर्टल उशिरा सुरू झाले? एका जिल्ह्यात मी हे विचारायला गेलो होतो. कार्यालयाने सांगितले, अर्जच आले नाहीत. माहिती अधिकारात कागद काढला तर अर्ज मागवण्याची जाहिरात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली आणि मुदत पंधरा दिवसांची. अर्ज येणार तरी कधी? अशी बचत तयार केली जाते, आणि नंतर तीच पुढच्या वर्षी तरतूद कमी करण्याचे कारण होते. खर्च होत नाही, मग द्यायचे कशाला?

खात्याखात्यांतल्या भिंतीबद्दल मी आत्ता बोललो, तर मे 2025 चा वाद तुम्हाला आठवेल. सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख लाडकी बहीण योजनेकडे गेल्याचे समोर आले आणि सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मग भिंत कुठे गेली? सरकारचे म्हणणे असे होते की पैसे वर्षाच्या मध्ये उचलले नाहीत, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लाभार्थी महिलांसाठीची रक्कम त्या विभागांच्या तरतुदीत अर्थसंकल्पातच धरली होती. हे खरे धरले तर ते पुनर्विनियोजन नव्हतेच. त्या दोन समाजांच्या राखीव निधीतून सर्वसाधारण योजना चालवण्याचा निर्णय मार्चमध्येच, पुस्तक छापताना झाला होता, आणि आरडाओरडा मे महिन्यात झाला. मार्चमध्ये ते पान कुणी उघडले असते तर सभागृहात प्रश्न विचारता आला असता, मतदान व्हायच्या आधी.

म्हणून माझी विनंती कामाची आहे. प्रत्येक गटाने एकच योजना धरावी, एकच लेखाशीर्ष, आणि वर्षभर त्याच्यासमोर पाच रकाने भरावेत: मूळ तरतूद, पुरवणीने वाढलेली, पुनर्विनियोजनाने आलेली-गेलेली, प्रत्यक्ष वितरित झालेली, खर्च झालेली. राज्याच्या `beams.mahakosh.gov.in` या संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च हे बरेचसे मिळते. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा, आणि अर्जात "योजनेची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नका. "अमुक वर्षातील पुनर्विनियोजन व समर्पणाच्या आदेशांच्या प्रती, दिनांकासह" असे लिहा. दिनांक फार बोलतो. आदेश 28 मार्चचा असेल तर समजा की वर्षभर कुणी लक्ष दिले नाही.

वेळही पाळा. आमदारांकडे निवेदन घेऊन जायचे ते अर्थसंकल्पानंतर नाही. पावसाळी पुरवणीसाठी मे मध्ये जा, नागपूरसाठी ऑक्टोबरात, कारण खाती आपले प्रस्ताव वित्त विभागाकडे अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पाठवतात. आणि जाताना आकडा घेऊन जा. "निधी वाढवा" असे नको. "40 कोटींपैकी नोव्हेंबरपर्यंत 11 वितरित झाले, उरलेल्या 29 चे काय करणार आहात?" असे विचारा. याला उत्तर द्यावे लागते.

माझे बोलणे इथेच थांबवतो. बाहेरच्या टेबलावर पुरवणी मागण्यांच्या पुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या आहेत. चहा घेताना आपापल्या खात्याचे पान काढा. ज्याला लेखाशीर्ष सापडत नसेल त्याने माझ्याकडे यावे.